सगळं मिळून आठ हजार: त्यात भाडं किती, कर किती?

*मोरजीला आमचं सहा खोल्यांचं गेस्ट हाऊस आहे, जीएसटी नंबर घेतलेला आहे. गेली दोन-तीन वर्षं नाताळच्या आठवड्यात समुद्राकडच्या खोलीचा भाव मी ‘सगळं मिळून आठ हजार’ असाच सांगते. यंदाही पुण्याच्या एका कुटुंबाला फोनवर तीन रात्रींचे चोवीस हजार सांगितले आणि पाच हजार ॲडव्हान्स घेतला. आता बिलं लिहिणारा मुलगा म्हणतो, पाच टक्के वजा केले तर भाडं ७,६०० येतं, म्हणजे साडेसात हजारांच्या वर, म्हणून अठरा टक्के लावायला हवेत. अठरा टक्के वजा केले तर भाडं साडेसात हजारांच्या खाली जातं, मग परत पाच टक्के! दोन दिवस आम्ही गोल फिरतोय. आजवरची बाकीची बिलंही त्यानंच अशी वजाबाकी करून लिहिली आहेत. बिलावर मूळ भाडं काय लिहू?*
*– गेस्ट हाऊसवाली, मोरजी*

ताई, आधी त्या मुलाला एक चहा पाजा. त्याची वजाबाकी चुकली आहे, पण तो ज्या भोवऱ्यात सापडलाय तो भोवरा खरा आहे. बरोबर पद्धतीनं हिशेब केला तरी तुमचे आठ हजार त्यातून सुटत नाहीत. का ते सांगतो, पण त्याआधी वजाबाकीचं निस्तरू, कारण ती तुमच्या प्रत्येक बिलात शिरलेली आहे.

म्हापशाच्या बाजारात मासळी वाट्यांनी घेता ना, तसंच बिलाच्या रकमेकडे बघा. कर पाच टक्के म्हणजे भाड्याचे १०० वाटे आणि त्यावर कराचे ५ वाटे. पाहुण्यानं हातात ठेवलेली रक्कम ही १०५ वाट्यांची असते, १०० ची नव्हे. भाडं हवं असेल तर रकमेचे १०५ वाटे करायचे आणि त्यातले १०० उचलायचे. म्हणजेच रकमेला १.०५ ने भागायचं. अठरा टक्क्यांना ११८ वाटे, म्हणून १.१८ ने भागायचं.

समजा, ऑक्टोबरात तुम्ही एक खोली सगळं मिळून ५,२५० ला दिली. ५,२५० भागिले १.०५ म्हणजे ५,००० भाडं, आणि वरचे २५० कर. ताळा लगेच होतो: ५,००० वर पाच टक्के २५०, बेरीज ५,२५०. तुमच्या मुलानं मात्र ५,२५० चे पाच टक्के काढले, २६२ रुपये ५० पैसे, आणि भाडं लिहिलं ४,९८७.५०. बेरीज जुळते, म्हणून चूक दिसत नाही. पण ४,९८७.५० वर पाच टक्के काढून बघा, २४९ रुपये ३८ पैसे येतात, २६२.५० येत नाहीत. असलं बिल ओळखायचं ते असं. वरून खाली बेरीज करून काही कळत नाही, लिहिलेल्या भाड्यावर पुन्हा कर लावून बघावा लागतो.

चूक किती रुपयांची होते, तेही सांगतो, कारण त्यात एक मजा आहे. २६२.५० आणि २५० यांतला फरक १२.५०. हे १२.५० म्हणजे २५० रुपये कराचे पाच टक्के. म्हणजे मुलानं भाड्यावर कर काढलाच, शिवाय करावरही कर काढला. पाच टक्क्यांत हे साडेबारा रुपयांवर भागलं. अठरा टक्क्यांची खोली १०,६२० ला दिली असेल तर खरा कर १,६२० आहे. वजाबाकीनं तो १,९११.६० होतो. फरक २९१.६०, म्हणजे पुन्हा १,६२० चे अठरा टक्केच. हे पैसे पाहुण्याच्या खिशातून जात नाहीत, त्यानं ठरलेली रक्कमच दिलेली असते. ते जातात तुमच्या भाड्यातून, कारण बिलावर कर म्हणून जेवढं लिहिलं तेवढं सरकारात भरावंच लागतं.

मुलाला दोषही कमी द्या. बहुतेक फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर `5250 - 5%` असं दाबलं की तो गुपचूप ४,९८७.५ दाखवतो. टक्क्याचं ते बटण या कामाचं नाही. `5250 / 1.05` असं दाबायला सांगा. एक्सेलमध्ये रक्कम A2 या घरात असेल तर हे:

```
=ROUND(A2/1.05,2)
```

दुसरी एक चूक तुमच्या पत्रात नाही, पण बिलात दोन ओळी दिसल्या की पुष्कळ जण ती करतात, म्हणून सांगून टाकतो. पाच टक्के म्हणजे अडीच टक्के केंद्राचे, सीजीएसटी, आणि अडीच टक्के राज्याचे, एसजीएसटी. म्हणून कुणी १.०२५ ने एकदा भागतं आणि आलेल्या आकड्याला पुन्हा १.०२५ ने भागतं. ५,२५० चे त्यानं ४,९९७.०३ होतात, ५,००० होत नाहीत. दोन्ही कर एकाच भाड्यावर शेजारी शेजारी लागतात, एकावर एक चढत नाहीत. आधी १.०५ ने एकदाच भागा, मग कराचे दोन सारखे भाग करा: १२५ आणि १२५. आणि पाहुणा पुण्याचा असो नाहीतर दिल्लीचा, खोली गोव्यात आहे म्हणून हेच दोन कर लागतात. पाहुणा बाहेरगावचा म्हणून दोन राज्यांतल्या व्यवहारांवरचा आयजीएसटी लावायचा नसतो.

आता आठ हजारांकडे येऊ.

बहुतेक मालात दर आधी ठाऊक असतो. मिक्सरवर अठरा टक्के, तर किंमत काहीही असो, १.१८ ने भागलं की झालं. खोलीचं तसं नाही. एका खोलीचं एका दिवसाचं भाडं ७,५०० पर्यंत असेल तर पाच टक्के, त्याच्या वर गेलं की अठरा. म्हणजे दर कळायला भाडं हवं, आणि एकत्र रकमेतून भाडं काढायला दर हवा. यातून बाहेर पडायची वाट एकच: दोन्ही दर धरून भागून बघायचं, आणि येणारं भाडं ज्या दराच्या हद्दीत बसेल तो दर खरा मानायचा.

५,२५० वर हे करून बघा. १.०५ ने भागलं की ५,०००, साडेसात हजारांच्या आत, पाच टक्के बरोबर. १.१८ ने भागलं तर ४,४४९ च्या आसपास, म्हणजे अठरा टक्क्यांच्या हद्दीतच नाही, सोडून द्या. १०,६२० चं उलट होतं: १.०५ ने १०,११४ च्या वर येतं, पाच टक्क्यांत बसत नाही, १.१८ ने ९,०००, अठरा टक्क्यांत नीट बसतं. दोन्ही वेळा एकच उत्तर उरलं.

आता ८,०००. १.०५ ने भागलं तर ७,६१९.०५. हे साडेसात हजारांच्या वर आहे, म्हणून पाच टक्के लागू नाहीत. १.१८ ने भागलं तर ६,७७९.६६. हे साडेसात हजारांच्या खाली आहे, म्हणून अठरा टक्के लागू नाहीत. एकही उत्तर उरत नाही. मुलाचे आकडे वेगळे होते, पण तो अडकला त्याच जागी. तुम्ही दोघं गोल फिरत होता ते हिशेब येत नाही म्हणून नव्हे, सगळं मिळून ८,००० हा भाव आजच्या दरांत असूच शकत नाही म्हणून.

हा खड्डा कुठून कुठवर आहे ते कागदावर काढा. भाडं बरोबर ७,५०० धरलं तर पाच टक्के मिळून ७,८७५ होतात. पाच टक्क्यांतला हा सर्वात मोठा एकत्र भाव. भाडं ७,५०१ केलं की अठरा टक्के लागतात, कर १,३५०.१८, आणि एकूण ८,८५१.१८. भाडं एका रुपयानं वाढलं आणि पाहुण्याचं बिल ९७६ रुपयांनी फुगलं. म्हणून ७,८७५ आणि ८,८५० यांच्या मध्ये कर धरून सांगितलेला कुठलाही भाव अधांतरीच लटकतो. ८,००० तिथलाच, ८,५०० तिथलाच, आणि ‘आठ हजार नऊशे नव्व्याण्णव’ मात्र सुटतो, कारण त्याचं भाडं १.१८ ने ७,६२६.२७ येतं.

तुम्ही विचाराल, मग गेली वर्षं हेच आठ हजार कसे चालले? चालले, आणि नियमानंच चालले. २१ सप्टेंबर २०२५ पर्यंत साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर बारा टक्के होते. ८,००० भागिले १.१२ म्हणजे ७,१४२.८६, साडेसात हजारांच्या आत. तेव्हा खड्डा ८,४०० च्या पुढे सुरू व्हायचा. बारा टक्क्यांचे पाच झाले, वरचे अठरा तसेच राहिले, साडेसात हजारांची रेघही हलली नाही. म्हणून खड्ड्याचं अलीकडचं तोंड ७,८७५ पर्यंत मागे सरकलं आणि तुमचा जुना भाव आत पडला. कर कमी झाला म्हणून भाव उतरवायला लागण्याचा हा प्रकार माझ्या पाहण्यातला दुर्मीळच. पण तुमचं नुकसान दिसतं तेवढं नाही. तेव्हा आठ हजारांतून भाडं ७,१४२.८६ उरायचं, आता ७,८७५ तून ७,५०० उरेल. एक गोष्ट मात्र गेली: पाच टक्क्यांत खरेदीवर दिलेल्या कराची वजावट मिळत नाही. नवा एसी, चादरी, गाद्या यांच्यावर भरलेला कर पूर्वी तुमच्या करातून वळता व्हायचा, आता तो तुमच्या खर्चातच राहतो. तो धरल्याशिवाय ‘यंदा जास्त सुटले’ असं म्हणू नका.

तर पुण्याच्या पाहुण्यांना काय लिहाल? प्रत्येक रात्रीचं भाडं ७,५००, सीजीएसटी १८७.५०, एसजीएसटी १८७.५०, एकूण ७,८७५. तीन रात्रींचे २३,६२५. पाच हजार आलेत, राहिले १८,६२५. सांगितलेल्या भावापेक्षा ३७५ रुपये कमी घेताय, त्यामुळे फोन करायला संकोच वाटायचं कारण नाही. उलट चढ्या सीझनात गोव्यातून असा फोन आला म्हणून ते दोनदा नंबर तपासतील.

रात्रीमागे सुटलेले ते १२५ रुपये दुसऱ्या नावानं बिलात घालायचा मोह होईल. कुणीतरी सुचवेलच: ‘भाडं ७,५००, बाकी सर्व्हिस चार्ज.’ करू नका. त्याच खोलीसाठी, न विचारता, सगळ्यांकडून घेतलेले पैसे हे भाड्याचाच भाग धरले जातात, नाव काहीही द्या. ते मिळवले की तुम्ही साडेसात हजारांची रेघ ओलांडता आणि अठरा टक्क्यांच्या घरात जाता. नाश्ता एकत्र भावात धरलेला असेल तर त्याचंही तेच. मोपा विमानतळावरून आणायला गाडी पाठवली, पाहुण्यानं ती मागून घेतली, नको म्हणणाऱ्याला तेवढे पैसे कमी पडतात, तर ती वेगळी सेवा. तिचं तिचं वेगळं लिहा आणि तिचा दर तिला लावा. गाडी पाठवलीच नाही तर लिहूही नका.

दुसरी वाट खड्ड्याच्या पलीकडची, म्हणजे एकत्र भाव ८,८५१ च्या वर नेण्याची. फोनवर आठ हजार सांगून बसलात, त्यामुळे या पाहुण्यांपुरती ती बंद आहे. पुढच्या वर्षासाठी विचार करत असाल तर दोन गोष्टी आधी मोजा. ९,००० चा एकत्र भाव ठेवला तर त्यातून भाडं उरतं ७,६२७.१२, म्हणजे ७,८७५ च्या भावापेक्षा फक्त १२७ रुपये जास्त. त्यासाठी पाहुण्याला ११२५ रुपये जास्त मोजायला लावायचे. त्या खोलीच्या खर्चावरच्या कराची वजावट मिळेल हे खरं, पण बाकीच्या खोल्या पाच टक्क्यांत असताना कुठला खर्च कुठल्या खोलीचा याची वाटणी करावी लागते आणि ती डोकेदुखी आहे. दुसरी गोष्ट तुमच्या अंगणात जेवण विकत असाल तर जास्त महत्त्वाची: एखाद्या खोलीचं एका दिवसाचं भाडं एकदा जरी ७,५०० च्या वर घेतलं, तर पुढच्या आर्थिक वर्षात त्याच जागेतल्या तुमच्या रेस्टॉरंटला पाच ऐवजी अठरा टक्के लागतात. एका ३१ डिसेंबरसाठी वर्षभराची फिश करी राईस महाग करायची का, हे तुम्ही ठरवा. मी करणार नाही.

हद्द खोलीमागे आणि दिवसामागे आहे, हे मुलाच्या वहीत मोठ्या अक्षरात लिहा. नाताळात रात्रीरात्रीचे भाव वेगळे असतात आणि तिथं बेरजेला भागण्याची चूक होते. समजा, कुणाला दोन रात्री ६,३०० प्रमाणे आणि तिसरी १०,६२० ला दिली, एकूण २३,२२०. याला तीनने भागलं तर रात्रीमागे ७,७४०, आणि १.०५ ने भाडं ७,३७१.४३; सगळं पाच टक्क्यांत बसल्यासारखं वाटतं, कर एकूण १,१०५.७१ येतो. पण खरं भाडं ६,०००, ६,००० आणि ९,००० आहे, कर ३००, ३०० आणि १,६२०, मिळून २,२२०. सरासरीनं निम्मा कर पोटात गेला. बिलात तीन ओळी लिहा, प्रत्येक ओळ आपल्या दरानं उलगडा, आणि बेरीज शेवटी करा.

पैशांचं एक बारीकसं. भागाकारानंतर कधी कधी एक पैसा हरवतो. ४,५०० भागिले १.०५ म्हणजे ४,२८५.७१. त्यावर अडीच टक्के १०७.१४, दोन वेळा मिळून २१४.२८. बेरीज येते ४,४९९.९९. हा हरवलेला पैसा भाड्यात किंवा करात कोंबू नका. ‘राऊंड ऑफ ०.०१’ अशी वेगळी ओळ द्या. फरक एक-दोन पैशांचा असला तर तो राऊंडिंगचा. रुपयांत गेला की समजा, कुणीतरी पुन्हा वजाबाकी केली आहे.

मागच्या बिलांचं राहिलं. ज्यांत पाच टक्के वजा करून भाडं लिहिलंय, त्यांत कर जास्त दाखवला गेलाय. तो कर भरून टाकला असेल तर सरकारचं काही देणं नाही, नुकसान तुमचं आहे. ५,२५० ची शंभर बिलं असतील तर १,२५० रुपये. दुरुस्तीसाठी क्रेडिट नोट काढता येते आणि ज्या आर्थिक वर्षातलं बिल, ते संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत ती रिटर्नमध्ये दाखवता येते. वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर मुदत तिथंच संपते. सीएंना विचारा, पण तेवढ्या रकमेसाठी शंभर नोटा काढायच्या का, हेही विचारा. कर बिलावर लिहिला आणि भरताना मात्र ‘बरोबर’ काढून कमी भरला, असं झालं असेल तर ते आधी सांगा, कारण पाहुण्याकडून कर म्हणून घेतलेले पैसे ठेवून घेता येत नाहीत.

आणि घेतलेल्या पाच हजार ॲडव्हान्सचं: सेवेच्या ॲडव्हान्सवर पैसे आल्यावरच कर लागतो, म्हणून त्या महिन्याच्या हिशेबात तो आला पाहिजे. तेही कर धरून आलेले पैसे, म्हणून ५,००० भागिले १.०५, भाडं ४,७६१.९०, कर २३८.१०. शेवटच्या बिलात हे वजा दाखवून उरलेले १८,६२५ घ्या. मुलानं तिथं २५० लिहिले असतील तर खोडून टाका.